एक्स-रे फिल्मवरच्या पुसट सावलीला गाठ म्हणायची सवय कशी मोडली, हे सरांना पत्रात लिहायचंय. उदाहरण कोणतं देऊ?

स्तनाग्राच्या सावलीचं द्या. मी रेडिओलॉजिस्ट आहे. शिकाऊ मुलं तिथे हमखास फसतात. छातीच्या एक्स-रेत फुप्फुसाच्या खालच्या भागात साधारण १ सेंटीमीटरचा गोल ठिपका दिसतो आणि हात लगेच ‘नोड्यूल’, म्हणजे गाठ, लिहायला जातो. आधी दुसऱ्या बाजूला तसाच जोडीदार आहे का बघायचं, मग जुनी फिल्म मागवायची. (पेशंट ती घरी गादीखाली ठेवून येतो, ते वेगळं.) तरी शंका उरली, तर स्तनाग्रांवर धातूचे बारीक मार्कर चिकटवून पुन्हा एक्स-रे. मार्कर नेमका ठिपक्यावर आला, की उलगडा झाला. मार्कर बाजूला पडला, तर मात्र सीटी सांगायलाच हवा.