ईसीएल प्रोव्हिजनमधला बायस कसा पकडायचा?

प्रश्न: ईसीएल, म्हणजे दिलेली कर्जं बुडून होऊ शकणाऱ्या अपेक्षित लॉसच्या प्रोव्हिजनचं ऑडिट करताना मॅनेजमेंटची प्रत्येक असम्प्शन वेगळी बघितली तर पटते, मग बायस आहे हे ओळखायचं कसं?

उत्तर: सगळ्या असम्प्शन्स एका कागदावर घ्या आणि गेल्या वर्षीपासून काय बदललं आणि त्याने प्रोव्हिजन वाढलं की घटलं एवढंच प्रत्येकीसमोर लिहा, सगळे बाण खालीच जात असतील तर तिथेच थांबा.

समजा बेस सिनारियोत लॉस १०० येतो, वाईटमध्ये १८० आणि चांगल्यात ७०. गेल्या वर्षी वेटेज ५०, ३०, २० टक्के होतं म्हणजे ईसीएल ११८. यंदा ते ६०, १५, २५ केलं की १०४.५, मॉडेल तेच, डेटा तोच, फक्त वेटेज हलवून साडेतेरा गायब. आता विचारा की वाईट सिनारियो निम्म्यावर का आणला आणि तो निर्णय कधी झाला, नफ्याचा पहिला आकडा आल्यानंतर झाला असेल तर मला तरी ते फार खटकतं. शिवाय हाच अंदाज त्यांच्या बजेटमध्ये किंवा इम्पेअरमेंट टेस्टमध्ये कसा धरलाय तेही बघाच, तिथे मंदी आणि इथे तेजी असं चालत नाही.

मग मागच्या वर्षीचं प्रोव्हिजन आणि प्रत्यक्ष लॉस ताडून बघा, अकाउंटिंग अंदाजांच्या ऑडिटसाठीच्या आयएसए ५४० या स्टँडर्डमध्येही हे सांगितलंय. फरक निघाला म्हणजे लगेच चूक नव्हे, त्या तारखेला काय माहीत होतं ते महत्त्वाचं, पण दरवर्षी प्रोव्हिजन कमीच पडत असेल तर यंदाच्या वेटेजला जास्त पुरावा मागा.