विषय लिहिलास, पण म्हणणं काय?

‘मॅडम, सरांनी शेरा मारलाय, “माहिती चांगली, थिसिस स्टेटमेंट नाही.” मी तर पहिल्याच ओळीत विषय स्पष्ट लिहिलाय. मग अजून काय लिहायचं असतं?’

पहिलं सेमिस्टर अर्ध्यावर आलं की कॉलेजातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न येऊ लागतो. थिसिस स्टेटमेंट म्हणजे निबंधभर पुराव्यानं मांडायचं आपलं म्हणणं, एका वाक्यात. मुलं येतात ती ‘मला लिहायलाच जमत नाही’, ‘बारावीला ऐंशी टक्के होते, इथं काहीच येत नाही’ असं म्हणत. थोडं बोलणं झालं की दप्तरातून तो लाल शेऱ्याचा कागद बाहेर निघतो. खरं तर हे मराठीच्या किंवा इतिहासाच्या सरांचं काम. पण घाबरलेलं पोर सरांकडे दुसऱ्यांदा जात नाही, माझ्याकडे येतं. म्हणून एका मुलीची गोष्ट सांगते. नाव बदललंय, बाकी तपशीलही ओळखू येणार नाहीत एवढे हलवलेत.

सुजाता गडहिंग्लजकडची, कोल्हापुरात वसतिगृहात राहणारी. इतिहासाचा निबंध होता, हजार शब्दांचा, विषय राजर्षी शाहू महाराजांचं शैक्षणिक कार्य. तिचं पहिलं वाक्य असं होतं : ‘प्रस्तुत निबंधात शाहू महाराजांच्या शैक्षणिक कार्याचा आढावा घेण्यात आला आहे.’

मी तिला विचारलं, ‘तुझ्या वर्गात किती जणांनी हा निबंध लिहिला?’

‘सगळ्यांनीच की.’

‘मग हे वाक्य त्यातल्या कुणाच्या निबंधात शोभणार नाही?’

ती थांबली. ‘सगळ्यांच्याच शोभंल.’

विषय सांगणारं वाक्य ओळखायची ही सगळ्यात सोपी खूण. ते उचलून शेजारच्याच्या निबंधावर ठेवलं तरी कुणाला पत्ता लागत नाही. दुसरी खूण अशी की ते वाचून पुढच्या परिच्छेदात काय येणार याचा अंदाज बांधता येत नाही. आढावा कुठूनही सुरू होऊ शकतो आणि कुठेही संपू शकतो. सुजाताचा निबंध तसाच होता. वसतिगृहं, मग राधानगरी धरण, मग खासबागचं मैदान आणि कुस्ती, मग सक्तीचं शिक्षण, मग पुन्हा वसतिगृहं. एकही माहिती चुकीची नव्हती, आणि कुठलाही परिच्छेद कुठेही सरकवला असता तरी काही बिघडलं नसतं.

पुढच्या वेळी ती नवं वाक्य घेऊन आली : ‘शाहू महाराजांचे शैक्षणिक कार्य अतुलनीय व क्रांतिकारक होते.’ आता तरी झालं ना, असा चेहरा होता. मी म्हटलं, ‘हे घेऊन बिंदू चौकात उभी राहा. तुझ्याशी कोण वाद घालेल?’

‘कोण घालंल मॅडम? मार बसंल त्याला.’

बरोबर आहे. कोल्हापुरात हे वाक्य नाकारणारा माणूस सापडायचा नाही, म्हणूनच त्यावर हजार शब्द खर्च करायचं कारण उरत नाही. हे वाक्य आदर व्यक्त करतं, पण काही मांडत नाही. ‘महत्त्वाचे’, ‘मोलाचे’, ‘अतुलनीय’, ‘बहुआयामी’ हे शब्द दिसले की मी मुलांना पेन्सिलीने त्यांच्याभोवती गोल करायला सांगते. गोल केलेले शब्द वगळून वाक्यात काय उरतं ते बघायचं. इथं उरलं, ‘शाहू महाराजांचे शैक्षणिक कार्य होते.’

मग ती दुसऱ्या टोकाला गेली : ‘शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी संस्थानच्या नोकऱ्यांत मागास वर्गांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवल्या.’ नेमकं वाक्य, तारखेसकट. पुष्कळ मुलं इथं अडकतात, कारण वाक्य ठोस झालं की थिसिस झालं असं त्यांना वाटतं. पण हे कागद दाखवून एका मिनिटात सिद्ध होतं. सिद्ध झाल्यावर निबंधाला करायला काही काम राहत नाही. अशी वाक्यं पुरावा म्हणून मधल्या परिच्छेदांत हवीतच, पण डोक्यावर बसवली की निबंध तिथेच संपतो.

एव्हाना ती वैतागली होती. ‘आढावा घेतला तर म्हणणं नाही, स्तुती केली तर वाद नाही, खरं लिहिलं तर कागद दाखवून संपतंय. सगळं वाचलो की मी, अजून काय वाचू?’

माझ्या कामाची बैठक सांगायची तर, माणूस काय बोलतोय याइतकंच तो काय टाळतोय याकडे मी लक्ष देते. तिन्ही वाक्यांत एक गोष्ट सारखी होती. तिन्ही सुरक्षित होती. त्यातलं एकही चूक ठरू शकत नव्हतं. शाळेत बारा वर्षं या मुलांना चुकायचं नाही एवढंच शिकवलेलं असतं. प्रस्तावना, मुद्दे, उपसंहार, मार्क. तिथं माहिती भरली की काम भागतं. कॉलेजात पहिल्यांदाच कुणीतरी विचारतं की तुझं काय म्हणणं आहे, आणि म्हणणं मांडलं की कुणीतरी ते खोडणार ही भीती आलीच. मुलांना थिसिस स्टेटमेंटची व्याख्या पाठ असते. अडतं ते या भीतीपाशी. व्याख्या पुन्हा समजावून काही होत नाही, हे मी आता ठामपणे सांगू शकते.

म्हणून मी कागद बाजूला ठेवला. म्हटलं, ‘हे सगळं वाचताना कुठं खटकलं? कुठं मनात आलं की हे कसं काय?’

बराच वेळ ती ओढणीचं टोक पिळत बसली. मी काही बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकानं पाण्याचा ग्लास पुढं करण्यापलीकडे काही करू नये असं माझं मत आहे.

मग म्हणाली, ‘एक वाटलं होतं, पण ते लिहिण्यासारखं न्हवतं. १९०२ ला निम्म्या जागा ठेवल्या. पण त्या जागांवर बसायला शिकलेली माणसं कुठली होती तवा? आमच्या गावाकडनं आज बी शिकायला कोल्हापूरला यायचं तर राहायचं कुठं हाच पहिला प्रश्न असतोय. मला हॉस्टेल नसतं मिळालं तर मी आलो नसतो.’

हेच लिहिण्यासारखं होतं. आढाव्यात न मावणारा, तिच्या स्वतःच्या जगण्यातून आलेला प्रश्न. प्रश्न सापडला की त्याचं उत्तर म्हणजे थिसिस, निदान त्याचा कच्चा आराखडा. तिनं तिथंच लिहिलं : ‘वसतिगृहे नसती तर १९०२ च्या राखीव जागांपैकी एकही भरली गेली नसती.’

आता हे वाक्य वाद ओढवून घेणारं होतं. पण हजार शब्दांत न पेलणारंही होतं. ‘एकही’ म्हटलं की संस्थानातल्या प्रत्येक नेमणुकीचा हिशेब द्यावा लागेल, तो पहिल्या वर्षाच्या मुलीकडे कुठून येणार? माझ्या अनुभवात, धीर आलेली मुलं हमखास एवढी लांब उडी मारतात. तेव्हा त्यांना मागं ओढायचं नाही, फक्त विचारायचं, ‘यातलं किती तू दाखवू शकतेस?’ मी तिला म्हटलं, राखीव जागांच्या त्या आदेशावर, १९०२ च्या जाहीरनाम्यावर लिहितेस, तर जाहीरनामा वाच. तो काही लांबलचक नाही.

आठवड्यानं ती आली ती दारातूनच बोलत. ‘मॅडम, उलटंच हाय ओ तिथं!’

तिला काय सापडलं ते सांगते, कारण माझ्या मते सगळी गंमत इथं आहे. आदेशाची सुरुवात नोकऱ्यांपासून होतच नाही, ती शिक्षणापासून होते. सर्व वर्गांना शिक्षणाचं उत्तेजन देण्याचे प्रयत्न संस्थानात झाले, पण मागासलेल्या वर्गांत त्यांना हवं तसं यश आलं नाही, असं तो म्हणतो. आणि कारण देतो की उच्च शिक्षणाची फळं पुरेशा लोकांपर्यंत पोचलेली नाहीत. म्हणून नोकऱ्या राखायच्या. सुजाताला वाटत होतं, आधी शिक्षण मग नोकरी. आदेश सांगत होता, नोकरी दिसली तर लोक शिकतील.

‘मग माझं चुकलंच की,’ ती म्हणाली, पण आवाजात पूर्वीची भीती नव्हती.

‘चुकलं कुठं? वाद घालायला तुला कुणीतरी मिळालं,’ मी म्हटलं.

त्या दिवशी आम्ही बराच वेळ बसलो. शेवटी तिनं लिहिलेलं वाक्य मी तसंच देते : ‘१९०२ च्या जाहीरनाम्यातील राखीव जागा हा मुळात शिक्षणाकडे वळवण्याचा उपाय होता, मात्र खेड्यातल्या मुलाला शहरात राहण्याची सोय झाल्याशिवाय हा उपाय त्याच्यापर्यंत पोचू शकत नव्हता, म्हणून तो वसतिगृहांच्या धोरणापासून वेगळा काढून समजत नाही.’

वाक्य जरा लांब आहे. सर ते छाटतील तर छाटू देत. पण त्याला मघाच्या खुणा लावून बघा. शेजारच्याच्या निबंधावर हे बसत नाही. यावर हरकत घेता येते, कुणी म्हणेल की जाहीरनामा हा सत्तेतल्या वाट्याचा प्रश्न होता, शिक्षणाचं फक्त निमित्त. आणि पुढं काय येणार तेही त्यातच ठरलंय. आधी आदेशातला तर्क, मग १९०१ चं व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग, मग अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठीचं १९०८ चं मिस क्लार्क वसतिगृह, मग दोन्ही धोरणांची सांगड. राधानगरी धरण गेलं. कुस्तीही गेली, तिचा मात्र तिला फार चटका लागला, कारण ते दीड पान तिनं सगळ्यात मन लावून लिहिलं होतं. तिलाच विचारलं, ‘या वाक्याला कुस्तीची गरज आहे का?’ तिनं स्वतःच काट मारली. विषयाच्या वाक्याला हे जमत नाही. आढाव्यातून काहीच वगळता येत नाही, कारण सगळंच विषयाला धरून असतं.

हे वाक्य निबंध लिहायच्या आधी पक्कं सुचावं असा हट्ट मुलांनी धरू नये. सुजाताचं वाक्य मूळ कागद वाचल्यावर उलटलं, आणि ते तसंच व्हायला हवं होतं. कच्चं विधान घेऊन वाचायला बसावं, पुरावा जिकडे नेईल तिकडे ते वाकवावं आणि शेवटी पहिल्या परिच्छेदाच्या अखेरीस बसवावं. आणखी एक, प्रश्न ‘टिपा लिहा’ किंवा ‘माहिती द्या’ असा असेल तर थिसिसच्या मागं लागू नका. तिथं सरांना माहितीच हवी असते. ‘चर्चा करा’, ‘मूल्यमापन करा’, ‘कितपत सहमत आहात’ असं असेल, किंवा नुसता विषय देऊन निबंध मागितला असेल, तर म्हणणं लागतं.

निबंध परत आला तेव्हा पुन्हा लाल शेरा होता. ती तो मला दाखवायला आली, चेहरा फुललेला. सरांनी समासात लिहिलं होतं, ‘मग १९१७ च्या सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचं काय? नोकरीच्या ओढीने लोक शिकणार होते तर सक्ती कशाला?’

‘सर भांडायला लागलेत मॅडम,’ ती म्हणाली. उत्तर तिच्याकडे तयार होतं. जाहीरनाम्याचं बोलणं उच्च शिक्षणाबद्दल आहे, सक्ती प्राथमिकची होती. आणि चौथीच्याही आत शाळा सुटणाऱ्या पोराला नोकरीची ओढ कुठून दिसणार? ‘हे निबंधात घालू का सरांना तोंडी सांगू?’ तिनं विचारलं. मी म्हटलं, घाल, वसतिगृहांच्या परिच्छेदानंतर, आणि सरांची हरकत आधी त्यांच्याच शब्दांत लिही.