वकिलांसोबतचा फीचा करार : कामाची हद्द, खर्च आणि वकील बदलण्याची वेळ

“करवीर तालुक्यातल्या जागेसाठी मनाईचा दावा लावायचा आहे. वकीलसाहेबांनी एकूण ६०,००० रुपये फी सांगितली आहे. वकीलपत्रावर सही केली की पुरे, की वेगळा करार करावा?”

वेगळा करार अवश्य करावा. वकीलपत्र हे न्यायालयासमोर आपल्या वतीने उभे राहण्याचा अधिकार देते. ठरलेल्या फीमध्ये कोणकोणते काम येते, हे त्यावरून कळत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३, नियम ४ नुसार अपीलही वकीलपत्राच्या कारणासाठी त्याच दाव्याचा भाग मानले जाते, परंतु त्यामुळे वकील आणि पक्षकार यांच्यातील नेमणुकीची मुदत वाढत नाही, असे तोच नियम सांगतो. वाद नेमका इथेच उद्भवतो. तुमच्या दाव्यात निशाणी ५ चा तात्पुरत्या मनाईचा अर्ज असणारच. तो नामंजूर झाला, तर जिल्हा न्यायालयात किरकोळ अपील करावे लागेल आणि त्यापुढे रिट अर्जासाठी मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचकडे जावे लागू शकेल. पक्षकार हे सारे ६०,००० मध्येच धरून चालतो, तर वकील प्रत्येक काम स्वतंत्र मानतात. म्हणून “मूळ दाव्याच्या निकालापर्यंत; अपील, रिट व हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीची दरखास्त यांची फी वेगळी ठरेल” असे वाक्य करारात स्पष्ट असू द्यावे.

फी टप्प्यांत बांधून घ्यावी, हा माझा आग्रह आहे. उदाहरणार्थ, दावा दाखल होताना १५,०००, मनाई अर्जाच्या निकालावर १०,०००, साक्षीपुरावा संपल्यावर २०,००० आणि अंतिम युक्तिवादानंतर १५,०००. समजा, तुम्ही ४०,००० आगाऊ दिले आणि मनाई अर्जाच्या निकालानंतर वकील बदलले, तर झालेल्या कामाचे २५,००० वजा जाऊन १५,००० परत मिळायला हवेत, हा हिशेब मग वादाचा राहत नाही. दावा जिंकल्यास जागेत हिस्सा किंवा निकालावर अवलंबून फी, असे मात्र कोणी सुचवले तरी मान्य करू नये. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनी त्याला मनाई आहे.

कोर्ट फी स्टॅम्प, समन्सचा भत्ता, नकला, टायपिंग आणि सरकारी मोजणीची फी हा खर्च तुमचाच. त्यासाठी दिलेली रक्कम फीपासून वेगळी दाखवावी व पावत्या मिळतील असे लिहावे.

नेमणूक संपवताना केवळ तोंडी सांगून भागत नाही. सहीचा लेखी अर्ज न्यायालयात दाखल करून परवानगी घ्यावी लागते. नव्या वकिलांचे वकीलपत्र येताना जुन्या वकिलांची ना हरकत सहसा मागितली जाते. वकिलांनाही पुरेशा कारणाशिवाय आणि वाजवी सूचना दिल्याशिवाय काम सोडता येत नाही, आणि सोडल्यास न कमावलेली फी परत करावी लागते. फी थकली म्हणून फाईल अडवून ठेवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने आर. डी. सक्सेना खटल्यात २००० साली स्पष्ट केले आहे. थकबाकीच्या वसुलीचा मार्ग वेगळा आहे. तरीही मूळ खरेदीपत्र वकिलांकडे देताना दिलेल्या कागदांची यादी करून तिच्यावर त्यांची पोच घ्यावी आणि ती करारालाच जोडावी.