मोकळ्या रेघेचा हिशोब

प्रश्न : काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांच्या सुडोकूत मी ठिपक्यांवरून घराघरांत शक्य अंक लिहिते, पण थोडी घरे भरली की अडकते. पुढे अंदाजाने अंक टाकून पाहावा लागतो का?

नाही, अंदाज करावा लागत नाही. आपण बहुधा ठिपके तेवढे वाचत आहात आणि ज्या रेघांवर ठिपका नाही, त्या सोडून देत आहात. याच मुद्द्यावरून निवृत्तीपूर्वी बँकेतल्या एका वरिष्ठ सहकाऱ्यांशी माझा दीर्घकाळ वाद चालला होता, त्यामुळे उत्तर थोडे लांबेल.

आम्ही दोघेही डबा खाऊन झाल्यावर एकच कोडे दोन कागदांवर उतरवून सोडवत असू. या प्रकाराला क्रोप्की म्हणतात. पोलिश भाषेत त्या शब्दाचा अर्थच ठिपके असा आहे. दोन शेजारी घरांच्या मधल्या रेघेवर पांढरा ठिपका असेल तर त्यांतले अंक लागोपाठचे असतात आणि काळा असेल तर एक दुसऱ्याच्या दुप्पट. साहेबांचे म्हणणे असे, की ठिपका ही माहिती आहे आणि मोकळी रेघ म्हणजे माहितीचा अभाव. माझे म्हणणे असे, की सर्व ठिपके दिलेले असतील तर मोकळी रेघही तितक्याच स्पष्टपणे बोलते : या दोन घरांतले अंक लागोपाठचे नाहीत आणि एक दुसऱ्याच्या दुप्पटही नाही. नऊ बाय नऊच्या जाळीत शेजारी घरांच्या मधल्या रेघा १४४ असतात. त्यांतल्या ठिपके असलेल्या तेवढ्या वाचायच्या आणि उरलेल्यांकडे पाहायचेच नाही, हे मला आजही पटत नाही.

ज्या ओळीवरून वाद पेटला ती मला अजून पाठ आहे. पहिल्या व दुसऱ्या घरामध्ये काळा ठिपका, दुसऱ्या व तिसऱ्यामध्ये काळा, पाचव्या व सहाव्यामध्ये पांढरा आणि आठव्या व नवव्यामध्ये पुन्हा काळा. बाकीच्या चार रेघा मोकळ्या होत्या आणि ओळीत एकही अंक दिलेला नव्हता.

सलग तीन घरांत दोन काळे ठिपके आले की मधले घर २ किंवा ४ असलेच पाहिजे, कारण एका बाजूला निम्मा आणि दुसऱ्या बाजूला दुप्पट अंक ज्यांना मिळतो असे हे दोनच अंक आहेत. म्हणजे पहिल्या तीन घरांत १-२-४ किंवा २-४-८ ही साखळी आहे, सरळ किंवा उलटी. कोणतीही असली तरी २ आणि ४ दोन्ही तिथेच खर्च होतात. मग त्याच ओळीतल्या दुसऱ्या काळ्या ठिपक्यासाठी ३-६ हीच जोडी उरते, कारण काळ्या ठिपक्याच्या इतर सर्व जोड्यांना २ किंवा ४ लागतो. आठवे आणि नववे घर ३ व ६ यांनी अडले. इथपर्यंत साहेब माझ्याबरोबर होते.

मधल्या चार घरांत ५, ७, ९ आणि साखळीबाहेर राहिलेला १ किंवा ८ येणार. तिथे पांढरा ठिपका आहे आणि १, ५, ७, ९ हे सगळे विषम असल्याने त्यांच्यात लागोपाठची जोडी होऊच शकत नाही. म्हणून ८ मध्येच आहे, साखळी १-२-४ ची आहे आणि दुसरे घर २ आहे. पांढऱ्या साखळीत सम आणि विषम अंक आळीपाळीने येतात, ही गोष्ट नुसत्या जोड्या लिहीत बसण्यापेक्षा पुष्कळ जास्त कामाची आहे.

आता मोकळ्या रेघा. आठाचे घर पाचवे किंवा सहावे आणि पांढऱ्या ठिपक्यापलीकडे त्याचा जोडीदार ७ किंवा ९. आठाच्या दुसऱ्या बाजूची रेघ मोकळी आहे, म्हणजे तिथे ७ किंवा ९ यांपैकी काहीच बसत नाही. तिथे ५ च हवा. त्यामुळे ५ एक तर चौथ्या घरात आहे किंवा सातव्या. तिसऱ्या स्तंभात १ आधीच आलेला होता, म्हणून तिसरे घर ४ आणि पहिले घर १. चाराशेजारी ठिपक्याविना ५ बसत नाही, म्हणून ५ सातव्या घरात गेला आणि ८ सहाव्यात. पाचाशेजारी ठिपक्याविना ६ बसत नाही, म्हणून आठवे घर ३ आणि नववे ६. ओळ अशी झाली : १, २, ४, मग दोन घरांत ७ व ९, मग ८, ५, ३, ६. बाहेरून एकच माहिती घेतली आणि सात घरे पक्की झाली.

साहेबांनी चौथ्या घरात, म्हणजे चाराला चिकटून, ५ लिहिला. मी हरकत घेतली तेव्हा ते म्हणाले, “मॅडम, जे छापलेलेच नाही त्याचा हिशोब कसा धरायचा?” दोन दिवसांनी त्यांच्या कागदावर एकाच स्तंभात दोन ५ आले, तेव्हा त्यांनी कोडे चुकीचे छापले आहे असा निकाल देऊन कागद खणात टाकला.

आपला कागद तपासायचा असेल तर पेन्सिलीने लिहिलेल्या शक्य अंकांमध्ये प्रथम ४ शोधा. मोकळ्या रेघेपलीकडे ४ असेल तर २, ३, ५ आणि ८ असे चार अंक एका फटक्यात बाद होतात. इतके कोणत्याही दुसऱ्या अंकाने होत नाहीत. १ आणि ९ मात्र शेजाऱ्याचा एकेकच अंक बाद करतात, त्यामुळे त्यांच्यापासून सुरुवात करण्यात वेळ जातो.

साखळीचा जो नियम मी वर सांगितला तो सरळ रेषेतल्या घरांसाठी आहे. साखळी काटकोनात वळत असेल आणि तिची दोन टोके एकाच लहान चौकोनात नसतील, तर ३-६-३ किंवा १-२-१ असेही चालते आणि मधले घर २ किंवा ४ असण्याचे बंधन सुटते. १ आणि २ हे लागोपाठचेही आहेत आणि दुपटीचेही, त्यामुळे त्यांच्यामध्ये कोणत्याही रंगाचा ठिपका येऊ शकतो. पांढरा दिसला म्हणून ही जोडी खोडू नये.

आणि एक गोष्ट, जी मी खरे तर आधीच सांगायला हवी होती. काही कोड्यांच्या सूचनेत “सर्व ठिपके दाखवलेले नाहीत” असे वाक्य असते आणि तिथे मोकळी रेघ खरोखरच काही सांगत नाही. अशा एका कोड्यात मी ते वाक्य न वाचता माझ्या पद्धतीने खोडत गेले आणि एका स्तंभात आठाला जागाच उरली नाही. साहेबांनी काही न बोलता सूचनेच्या त्या ओळीवर बोट ठेवले आणि आपला पूर्ण झालेला कागद माझ्यासमोर सरकवला. ते कोडे त्यांनी जिंकले, हे मी तेव्हाच कबूल केले. चार-पाचाच्या त्या ओळीखाली मात्र असे कोणतेही वाक्य नव्हते आणि तिथे चूक त्यांचीच होती, हे त्यांनी आजतागायत मान्य केलेले नाही.