'दु. २.३० वा.' रोबोटने कसं वाचावं?

प्रश्न: माहिती देणाऱ्या किऑस्कवरचा आमचा रोबोट 'दु. २.३० वा. २ ऱ्या मजल्यावर खोली क्र. २५० मध्ये या. शुल्क रु. २५०.' हा मजकूर भलताच वाचतो. मराठी कानाला काय बरोबर वाटेल? २५० म्हणजे अडीचशे की दोनशे पन्नास?

दोन्ही, पण आपापल्या जागी. पूर्ण वाक्य असं ऐकू यायला हवं: 'दुपारी अडीच वाजता दुसऱ्या मजल्यावर खोली क्रमांक दोनशे पन्नासमध्ये या. शुल्क अडीचशे रुपये.'

शुल्क ही रक्कम आहे आणि रक्कम आपण सहज अडीचशे म्हणतो. खोलीचा क्रमांक मात्र ऐकणाऱ्याला दारावरच्या पाटीशी ताडून पाहायचा असतो, तिथे दोनशे पन्नासच हवं. म्हणून आकड्याआधी 'क्र.' आहे की 'रु.', हे प्रोग्रामने आधी पाहावं. 'रु.' लिहिताना आकड्याच्या आधी येतं, बोलताना नंतर; तेव्हा त्याची जागाही बदलावी लागते. रक्कम २५५ असेल तर अर्थातच दोनशे पंचावन्न.

'२.३०' कसं वाचायचं ते पुढचा 'वा.' ठरवतो. तो असेल तर अडीच. पुढे 'मीटर' असेल तर दोन दशांश तीन शून्य. अर्ध्या तासासाठी 'साडे' लावण्याचा नियम सरसकट चालवू नका. १.३० म्हणजे दीड, २.३० म्हणजे अडीच. हे दोन अपवाद वेगळे नोंदवायचे. पाऊण तासाला पुढचा तास घ्यावा लागतो, २.४५ म्हणजे पावणेतीन. १२.४५ ला जुनी माणसं नुसतं 'पाऊण' म्हणतात. सगळ्यांना कळावं म्हणून रोबोटकडून मी 'पावणेएक' म्हणवून घेईन.

'२ ऱ्या' हा एकच शब्द आहे. आकडा आणि 'ऱ्या' यांच्यात जागा सोडलेली असली तरी दोन्ही एकत्र उचलून 'दुसऱ्या' करावं, नाहीतर 'दोन ऱ्या' ऐकू येतं. '२२ व्या' चंही तसंच: नुसतं 'व्या' चिकटवून भागत नाही, 'बावीस' मधली वी ऱ्हस्व होऊन 'बाविसाव्या' होतं. नऊचं तर 'नवव्या' होतं. इतक्या तऱ्हा असल्यामुळे शंभरपर्यंतच्या क्रमवाचकांचा तक्ताच हाताने भरलेला बरा.

सर्वांत जास्त घोटाळा टिंबाचा. सॉफ्टवेअर टिंब दिसलं की वाक्य संपलं असं धरतं. आवाज 'दु' नंतर खाली उतरून थांबला, तर चूक इथेच आहे हे ओळखावं. आधी संक्षेप उलगडायचे, मग वाक्यं तोडायची. फक्त 'सायं. ५ वा.' असं वाक्याच्या शेवटी आलं, तर 'वा.' चं टिंब पूर्णविरामाचंही काम करतं. तिथे 'वाजता' लिहून पुढे पूर्णविराम ठेवावा लागतो.

'ता.' आणि 'इ.' यांच्यासाठी शेजारचा शब्द पाहावाच लागेल. 'ता. ५' मध्ये तारीख आहे, गावाच्या पत्त्यात तालुका. 'इ. १० वी' म्हणजे इयत्ता दहावी, तर यादीच्या शेवटचा 'इ.' म्हणजे इत्यादी.