कॉम्प्रेसरची गळती आधी मोजा

प्रश्न: वागळे इस्टेटला छोटा गाळा आहे, दोन लेथ आणि एक 7.5 एचपीचा कॉम्प्रेसर. लाइट बिल कमी कसं करू?

आधी कॉम्प्रेसर बघा. जेवणाच्या सुट्टीत हवेची सगळी टूल्स बंद ठेवा, कॉम्प्रेसर मात्र चालू राहू द्या. टाकी भरून मोटर थांबली की घड्याळ लावा आणि मोटर किती मिनिटं बंद राहते, किती चालते ते चार-पाच फेऱ्या लिहून काढा. आमच्या रबाळ्याच्या गाळ्यात 7 मिनिटं बंद, 3 मिनिटं चालू असं निघालं. म्हणजे कोणी हवा वापरत नसताना 30 टक्के वेळ मोटर फक्त गळती भरत होती! ताशी 5.5 युनिट धरले तर 10 तासांत साडेसोळा युनिट, 25 दिवसांत चारशेच्या वर.

मग साबणाचं पाणी ब्रशने लावत गेलो. पाइप कुठेच फुटलेला नव्हता. बुडबुडे आले ते एअर गनच्या कपलिंगवर आणि टाकीखालच्या ड्रेन कॉकवर. वॉशर बदलले. आता सुट्टीत आणि संध्याकाळी टाकीचा मेन व्हॉल्व्ह बंद करतो. दर महिन्याला पुन्हा मोजा, कपलिंग परत ढिली होतातच.