दर ठरलाय, मग साहेबांशी बोलायचं कशावर?

*"बेळगावात फॅब्रिकेशनचं छोटं युनिट आहे. सरकारी शाळांच्या बाकांच्या टेंडरमध्ये सर्वांत कमी दर भरून आम्ही एल-१ आलोय. दरात काही हलत नाही म्हणतात. मग बोलायचं तरी काय?"*

दराला हात लावू नका. कर्नाटकात ही खरेदी १९९९ च्या पारदर्शकता कायद्याखाली चालते. दर वाढवून दिला तर ऑडिटला उत्तर साहेबांनाच द्यावं लागतं. काहीही मागण्याआधी एक बघा: ही सवलत आधी माहीत असती तर दुसऱ्या नंबरवाल्याने कमी दर भरला असता का? उत्तर 'हो' असेल तर ती मागणी फाइलवर टिकणार नाही. अॅडव्हान्स किंवा जास्तीची मुदत हे विषय टेंडर भरण्याआधीच्या प्री-बिड मीटिंगमध्येच काढायचे असतात.

तुमच्या हातात आता उरतो तो मुदतीच्या आतला क्रम. आमची एक ऑर्डर ६०० बाकांची होती, पाच हजारांचा एक, म्हणजे ३० लाखांची. माल खानापूर तालुक्यातल्या शाळांना पोचवायचा होता. शेवटची तारीख तीच ठेवून आम्ही २००-२०० चे तीन हप्ते लेखी मागितले. जांबोटी-कणकुंबीकडच्या शाळा पहिल्या हप्त्यात घेतल्या, कारण तिकडे एकदा पाऊस लागला की भरलेला टेम्पो न्यायचं अवघड. प्रत्येक हप्त्याची तपासणी उद्यमबागेत आमच्या शेडवरच करावी, पोच मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्याची चालावी आणि तेवढ्याचं बिल लगेच घ्यावं, एवढंच पत्रात होतं. यातलं काही टेंडरच्या अटींना आडवं जात नव्हतं, म्हणून मंजूर झालं.

खरा फायदा दंडात दिसतो. समजा आठवड्याला अर्धा टक्का दंड आहे आणि शेवटचे २०० बाक दोन आठवडे उशिरा गेले. दंड पूर्ण ऑर्डरवर धरला तर ३० हजार कापले जातात, उशिरा गेलेल्या मालावरच धरला तर १० हजार. तुमच्या अटीत दोन्हींपैकी काय लिहिलंय ते आजच वाचा. मोघम असेल तर करारावर सही करण्याआधी लेखी खुलासा मागा.

साहेबांचीही एक अडचण असते, ती ओळखा. ३१ मार्चच्या आत बिल ट्रेझरीत गेलं नाही तर त्यांचं अनुदान परत जातं. "दोन हप्ते फेब्रुवारीतच देतो" हे वाक्य त्या ऑफिसात दोन टक्के सवलतीपेक्षा जड भरतं. पत्र मात्र कन्नडमध्ये द्या. टिपणी कन्नडमध्येच चढते, क्लार्कला तुमचा मजकूर तसाच उचलता आला की फाइल पुढे सरकते.

उशीर होणारच असं दिसलं तर मुदतवाढीचा अर्ज मुदत संपायच्या आत द्या, कारणाच्या पुराव्यासकट, आणि आवक शिक्का मारलेली प्रत जवळ ठेवा. तारीख उलटून गेल्यावर दिलेल्या अर्जावर मदत करायची इच्छा असलेला अधिकारीसुद्धा सही करायला कचरतो.